दुसरा घटक निघाला तो ‘नाही’ या शब्दाचा

पीएच.डी.साठी मी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा ‘निकाल-ताण’ मोजणारी मराठी मापनी तयार करत होते. सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये फिरून 306 जणांकडून अर्ज भरून घेतले. विधानं 20 होती. प्रत्येकासमोर ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ असे पाच पर्याय. त्यांतली 14 विधानं सरळ होती आणि 6 उलटी, म्हणजे सहमती दिली तर ताण कमी दाखवणारी. कोणी डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करत गेला तर पकडता यावा म्हणून उलटी विधानं घालायची, असं पुस्तकात वाचलं होतं.

विधानं एकमेकांशी किती जुळून चालतात ते सांगणारा आकडा, म्हणजे अल्फा, 0.91 आला आणि मी त्या दिवशी पेढे आणले. तशी घाईच झाली. अल्फा चांगला आला म्हणजे मापनी एकच गोष्ट मोजते, असं मुळीच नाही. विधानं पुरेशी असली आणि एकमेकांशी बऱ्यापैकी जोडलेली असली, की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधूनही अल्फा फुगतो.

मग घटक विश्लेषण, म्हणजे उत्तरांमागे किती वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत ते शोधणं. किती घटक घ्यायचे, हा पहिला प्रश्न. घटक किती मोठा ते सांगणारं आयगेन मूल्य 1 पेक्षा जास्त असलेले सगळे घ्यायचे, या जुन्या नियमाने चार येत होते. हा नियम सहसा गरजेपेक्षा जास्त घटक देतो. म्हणून हॉर्न यांची 1965 मधली समांतर विश्लेषणाची पद्धत वापरली. आपल्याएवढीच विधानं आणि तेवढीच माणसं घेऊन निव्वळ योगायोगाचा विदा बनवायचा आणि त्या योगायोगापेक्षा मोठे जे घटक असतील तेवढेच ठेवायचे. पाच पर्यायांची उत्तरं म्हणजे खऱ्या अर्थाने अंक नव्हेत, म्हणून सहसंबंध पॉलीकोरिक घेतले.

```r
fa.parallel(d1, cor = "poly", fa = "fa")
```

दोन घटक आले. दुसऱ्यावर सहा विधानं स्वच्छ बसली होती. मी त्याला ‘मानसिक स्वास्थ्य’ असं नाव दिलं, त्यावर दीड पान लिहिलं आणि मार्गदर्शक मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, “अर्थ बाजूला ठेव. या सहा वाक्यांची क्रियापदं फक्त वाच.”

वाचली. ‘चिंता वाटत नाही’, ‘धडधडत नाही’, ‘फरक पडत नाही’. सहाही विधानं ‘नाही’वर संपत होती. तीच माझी सहा उलटी विधानं!

नेमकं काय झालं होतं? समजा एकाने न वाचताच सगळीकडे ‘सहमत’वर खूण केली, म्हणजे 4. उलट्या विधानांचे गुण आपण नंतर फिरवतो, त्यामुळे तिथे त्याचे 2 होतात. असे थोडे लोक जमले तरी ती सहा विधानं एकत्र वर-खाली होऊ लागतात आणि विश्लेषणाला तो स्वतंत्र घटक वाटतो. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी 1985 मध्ये दाखवलं होतं की त्यासाठी सुमारे दहा टक्के निष्काळजी प्रतिसादकही पुरतात. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत पाच सरळ आणि पाच उलटी विधानं आहेत, आणि तिच्यात घटक एक की दोन, हा वाद अनेक वर्षं चालला तो याच कारणाने.

माझ्याकडे तपासायला एक जोडी होती. ‘निकालाची चिंता सतत मनात असते’ आणि ‘निकालाची मला चिंता वाटत नाही’. या दोन्हींना सहमती देणारे 41 जण सापडले. त्यांना वगळल्यावर दोन घटकांमधला सहसंबंध 0.38 वरून 0.61 झाला. दुसरा घटक अशक्त झाला, पण गेला नाही. म्हणजे सगळा दोष निष्काळजीपणाचा नव्हता. अभ्यासिकेत परत गेले, आठ जणांना शेजारी बसवून मोठ्याने विचार करत उत्तरं द्यायला सांगितली. एक मुलगी ‘चिंता वाटत नाही’ला ‘असहमत’ करताना अडली आणि म्हणाली, “ताई, ‘नाही’ला ‘नाही’ म्हणायचं म्हणजे ‘हो’ ना?”

उलटी विधानं नव्याने लिहिली, आता होकारार्थी. पण ‘मी शांत असतो’ लिहावं तर मुलींचं काय, आणि ‘असतो/असते’ लिहिलं की वाक्य सरकारी अर्जासारखं दिसतं. शेवटी सगळं ‘मला… वाटतं’च्या साच्यात बसवलं: ‘निकालाच्या आदल्या दिवशीही मला निवांत वाटतं.’

दुसरी फेरी नव्या 420 जणांवर केली, 16 विधानं घेऊन. एकच घटक आला. पडताळणीचं घटक विश्लेषण केलं तेव्हा जुळणी थोडी कमी पडली. सॉफ्टवेअरने सुचवलं, या दोन विधानांच्या त्रुटी, म्हणजे घटकाने न उलगडलेले भाग, एकमेकींशी जोडा. मी जोडल्या, जुळणी मोजणारा सीएफआय सुधारला आणि मी पुढे गेले. ही माझी दुसरी चूक.

ती उघडी पडली ती पद-प्रतिसाद सिद्धांतामुळे, म्हणजे आयआरटीमुळे. यात प्रत्येक विधान माणसाच्या ताणाबद्दल किती सांगतं ते वेगवेगळं पाहतात. समेजिमा यांचं 1969 चं श्रेणीबद्ध प्रतिमान लावलं:

```r
m <- mirt(d2, 1, itemtype = "graded")
coef(m, IRTpars = TRUE, simplify = TRUE)
residuals(m, type = "Q3")
```

विधान जास्त ताणाच्या आणि कमी ताणाच्या माणसांत किती धारदार फरक करतं, ते `a` सांगतो. बहुतेकांचा `a` दीडच्या आसपास, पण दोघांचा 4.1! एक होतं ‘परीक्षेच्या विचाराने रात्री झोपमोड होते’ आणि दुसरं ‘परीक्षेच्या विचाराने मध्यरात्री जाग येते’. क्षणभर वाटलं, ही माझी सर्वोत्तम विधानं. पण घटक विश्लेषणातलं लोडिंग λ, म्हणजे विधानाचा घटकाशी असलेला संबंध, आणि हा `a` एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. a ≈ 1.7 × λ / √(1 − λ²). या हिशेबाने 4.1 म्हणजे 0.92 चं लोडिंग. झोपेबद्दलचं एक वाक्य निकालाच्या ताणाशी इतकं चिकटून असेल?

आयआरटीचं गृहीत असं की माणसाचा ताण किती हे एकदा धरलं, की एका विधानाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर अजिबात ओळखता येऊ नये. येन यांचं क्यू-3 तेच तपासतं: ताणाचा भाग वजा केल्यावर विधानांमध्ये काय संबंध उरतो. 16 विधानांना सरासरी साधारण −0.07 अपेक्षित असते. माझ्या जोडीत 0.46 होता. दोन्ही वाक्यं एकच प्रश्न दोनदा विचारत होती, आणि प्रतिमान त्या पुनरुक्तीला धार समजत होतं. जोडलेल्या त्रुटींनी हेच मला आधी सांगितलं होतं, मीच ते झाकलं. ‘मध्यरात्री जाग’ काढलं आणि ‘झोपमोड’चा `a` 1.8 वर आला.

उरलेल्या 15 विधानांचा माहिती-आलेख पाहिला तेव्हा मात्र मी बराच वेळ गप्प बसले. ताणाच्या कोणत्या पातळीला मापनी किती अचूक आहे, ते तो दाखवतो; ताणाची ही पातळी म्हणजे θ. सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन वर, म्हणजे θ = 1 ला, माहिती 10 होती. मापनाची त्रुटी म्हणजे 1/√10, सुमारे 0.32. पण θ = −1.5 ला माहिती फक्त 2.5 आणि त्रुटी 0.63, जवळजवळ दुप्पट. कारण विधानांतच होतं: छातीत धडधडणं, झोपमोड, जेवण न जाणं. मध्यम ताण असलेली मुलंसुद्धा यांना ‘असहमत’ म्हणतात, मग कमी ताणाच्या दोघांत फरक कळणार कसा? अल्फाचा एकच आकडा हे कधीच दाखवत नाही.

मॅडमनी विचारलं, “ही मापनी कशासाठी वापरणार?” समुपदेशनाची गरज असलेले हेरायला असेल तर वरच्या टोकाची अचूकता पुरे. पण माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या उद्दिष्टात कार्यशाळेआधी आणि नंतर ताण मोजायचा होता. ताण खाली येईल अशी आशा, आणि खाली येताना तो नेमका तिथे जाणार जिथे माझी मापनी आंधळी. उद्दिष्ट काढायचं की ‘अभ्यासाला बसताना निकाल मध्येच आठवतो’ यासारखी सौम्य विधानं लिहून तिसरी फेरी करायची, यावर आमची आठवडाभर वादावादी झाली. मी सात नवी विधानं लिहिली आहेत. सोमवारी नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या काकांकडे पुन्हा परवानगी मागायला जाणार आहे. तिसऱ्यांदा मला बघून ते काय म्हणतील कोण जाणे.