जाहिरातीतली शेवटून दुसरी ओळ

"नोकरीच्या जाहिराती आणि टेंडरं वाचून धंद्याची मागणी आधीच कळते म्हणता, पण त्यात नेमकं बघता तरी काय?"

एखादं किचकट काम कुठून कुठे सरकतंय, ते बघते. असं काम आधी कुणाच्या तरी नोकरीच्या जाहिरातीत, आठ-दहा जबाबदाऱ्यांच्या तळाशी एक ओळ म्हणून येतं. काही महिन्यांनी त्याच कामासाठी वेगळी कंत्राटी जागा निघते. मग टेंडर निघतं, आणि ते काम कशात मोजायचं हे तिथे पहिल्यांदा ठरतं: पानात, तासात की नगात. पहिल्या टप्प्यावर गरज असते, पण तिला नाव नसतं. टेंडरपर्यंत नावही असतं आणि पैसाही, पण तोवर बाकीचेही जागे झालेले असतात. उभं राहायचं ते या दोहोंच्या मधल्या काळात.

माझं स्वतःचं काम असंच सुरू झालं. पीडीएफ फायली दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नीट ऐकता येतील अशा करून देणं, हे ते काम. एका संस्थेच्या जनसंपर्क अधिकाऱ्याच्या जाहिरातीत बातमीपत्र काढणं, छायाचित्रं सांभाळणं वगैरे नेहमीचं होतं आणि शेवटून दुसरी ओळ होती: 'जुने अहवाल सुगम्य स्वरूपात आणणे.' मी थबकले, कारण हे काम मला माहीत होतं. जनसंपर्क अधिकाऱ्याने फावल्या वेळात उरकावं असं ते नाही.

ही ओळ उगवली का, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा मागे कायदा असतो. युरोपात सरकारी संकेतस्थळांच्या सुगम्यतेचा निर्देश २०१६ साली आला, पण आधीपासून चालू असलेल्या संकेतस्थळांसाठी मुदत २३ सप्टेंबर २०२० होती. खासगी सेवांना आणि वस्तूंना लागू होणारा कायदा २०१९ साली मंजूर झाला, लागू झाला २८ जून २०२५ला. म्हणजे मंजुरी आणि अंमल यांत चार ते सहा वर्षं. कायद्याची तारीख सगळ्यांनाच दिसते. एखाद्या कचेरीत त्याची झळ खरोखर कधी पोचली, हे मात्र जाहिरातीतली ओळ सांगते. म्हणून मी पदाचं नाव सोडून देते आणि 'कामाचं स्वरूप' वाचते, त्यातही क्रियापदं. 'जुळवणे', 'रूपांतर करणे', 'हाताने तपासणे', 'पाठपुरावा करणे' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे यंत्रणेतली एक फट माणूस लावून बुजवली जात असते.

आता एक ओळ म्हणजे काहीच नाही. मी सहा महिने तीच कल्पना वेगवेगळ्या शब्दांत शोधत राहिले. 'सुगम्य पीडीएफ', 'टॅगिंग', 'पर्यायी मजकूर', 'दस्तऐवज दुरुस्ती', असे शब्द बदलत बदलत. हे करावंच लागतं, कारण नव्या कामाला ठरलेला शब्द नसतो आणि प्रत्येक कचेरी आपापला शब्द घडवते. टेंडरांचंही तेच. युरोपातल्या निविदांना आठ आकडी वर्गीकरण असतं, पण नवं काम जुन्या खणात टाकलं जातं. माझं काम मला कधी वेबसाइटच्या खणात सापडलं, कधी स्कॅनिंगच्या, कधी छपाईच्या. नुसता वर्ग लावून शोधलं असतं, तर अर्धं हाती लागलं नसतं.

याच काळात मी एकदा चांगलीच फसले. दोन महिन्यांत जाहिराती एकदम वाढलेल्या दिसल्या आणि मला वाटलं, आली लाट. नीट मांडून पाहिल्यावर कळलं, एकच जागा एका भरती एजन्सीने नऊ ठिकाणी टाकली होती. वाक्यं तीच, रुजू होण्याची तारीख तीच, व्याकरणाची चूकसुद्धा तीच. तेव्हापासून मी जाहिराती मोजत नाही, मालक मोजते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे जाहिरात पहिल्यांदा दिसल्याची व शेवटची दिसल्याची तारीख लिहिते. चार महिने तीच जागा पुन्हा पुन्हा निघत असेल, तर दोन शक्यता असतात. एक तर त्यांना खरंच माणूस मिळत नाही, नाहीतर जाहिरात नुसतीच लटकत ठेवलेली असते. फरक मजकुरात कळतो. माणूस खरोखर हवा असेल, तर दर वेळी अट थोडी सैल होते: आधी तीन वर्षांचा अनुभव, मग एक, मग 'शिकवून घेऊ'. लटकलेल्या जाहिरातीत अक्षरही हलत नाही.

माझ्या यादीत अशा सैल होत जाणाऱ्या पाच संस्था जमल्या. मग एक टेंडर आलं, आणि त्या टेंडरने मला जे शिकवलं ते थोडं सावकाश सांगते.

एका मोठ्या सार्वजनिक संस्थेला चाळीस हजार पानं सुगम्य करून हवी होती, सहा महिन्यांत. दरपत्रकात एकच ओळ होती: प्रति पान दर. कागदपत्रांची यादी सोबत होती आणि ते अहवाल जाहीरच होते. मी त्यातली साठ पानं कशीही उचलली आणि घड्याळ लावून स्वतः केली. साध्या मजकुराच्या पानाला साधारण चार मिनिटं लागली: मथळ्यांना टॅग, म्हणजे 'हा मथळा आहे' असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण, मग वाचनाचा क्रम, चित्राला वर्णन, झालं. पण साठातली नऊ पानं तक्त्यांची होती, दुमजली शीर्षकांच्या तक्त्यांची. वरच्या ओळीत वर्षं, प्रत्येक वर्षाखाली 'मंजूर' आणि 'खर्च' असे दोन रकाने, डावीकडे विभाग. असा तक्ता टॅग न करता स्क्रीन रीडरला दिला, की तो म्हणतो, 'चारशे बारा'. कशाचे चारशे बारा, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्या घराला वर्ष, रकाना आणि विभाग ही तिन्ही शीर्षकं हाताने जोडावी लागतात, तेव्हा त्या आकड्याला अर्थ येतो. अशा पानाला सरासरी चाळीस मिनिटं लागली.

आता हिशेब करा. साठात नऊ म्हणजे शंभरात पंधरा. चाळीस हजारांतली सहा हजार पानं तक्त्यांची, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे चार हजार तास. उरलेल्या चौतीस हजार पानांना मिळून जेमतेम पावणेतेवीसशे तास. पंधरा टक्के पानं जवळजवळ दोन तृतीयांश वेळ खाणार होती, आणि दरपत्रकाला ते ठाऊकच नव्हतं. ज्याने साधं पान डोळ्यासमोर ठेवून दर भरला असता, तो निम्म्यापेक्षा जास्त पैसे खिशातून घालून बसला असता.

म्हणून टेंडर बघताना मी मुख्य पुस्तिकेआधी आजूबाजूचे कागद उघडते. बोली भरण्याआधी होणाऱ्या प्री-बिड बैठकीतले प्रश्न, शुद्धिपत्रकं, मुदतवाढ, किती बोली आल्या, रद्द का झालं. या टेंडरच्या प्री-बिडमध्ये कुणीतरी विचारलं होतं, 'गुंतागुंतीचा तक्ता असलेलं पान एकच पान धरायचं का?' उत्तर होतं, 'निविदेतील अटींप्रमाणे.' याचा अर्थ, विचारणाऱ्याला काम कळलंय आणि खरेदी करणाऱ्याला अजून कळलेलं नाही. दोन बोली आल्या, एक अपात्र ठरली, टेंडर रद्द झालं. फेरनिविदा त्याच अटींवर निघाली, त्यात एकच बोली आली. तिसऱ्यांदा मात्र दरपत्रकात तीन ओळी होत्या: साधं पान, तक्त्याचं पान, स्कॅन केलेलं पान. शिवाय बोली लावणाऱ्याच्या किमान उलाढालीची अट कमी केलेली होती.

माझ्या लेखी पहिल्या टेंडरपेक्षा ही तिसरी दरसूची कितीतरी मोलाची होती. फेरनिविदा दोनदा निघाली आणि संस्थेने विषय सोडला नाही, यावरून गरज टळणारी नाही हे कळलं. बोली फारशा आल्या नाहीत, यावरून करणारे कमी आहेत हे कळलं. आणि तक्त्याच्या पानाला वेगळा दर मिळाला, म्हणजे अवघड काय आहे हे पैसे देणाऱ्यालाही पटलं. मी त्या आठवड्यात नोकरीचा राजीनामा लिहिला.

त्या टेंडरला मी बोली लावली नाही, लावूही शकले नसते. कमी केलेली उलाढालसुद्धा माझ्याकडे नव्हती, तीन वर्षांचा पूर्वानुभव नव्हता, आणि अनामत रक्कम भरून सहा-आठ महिने बिलाची वाट बघण्याची ऐपतही नव्हती. नव्या माणसाला टेंडरातून कामाचं तपशीलवार वर्णन मिळतं, गिऱ्हाईक क्वचितच मिळतं. माझं पहिलं गिऱ्हाईक जाहिरातीतून आलं. त्या पाच संस्थांना मी पत्रं लिहिली. सोबत त्यांच्याच अहवालातलं एक तक्त्याचं पान, आधी कसं ऐकू येतं आणि नंतर कसं, याची दोन मिनिटांची ध्वनिफीत जोडली. वर्षभरासाठी माणूस ठेवण्याऐवजी पानाप्रमाणे काम द्या, असं सुचवलं. दोघांनी उत्तर दिलं, एकाने काम दिलं. टेंडरचं काम ज्या स्कॅनिंगवाल्या कंपनीला गेलं, तिने पुढे तक्त्यांची पानं आमच्याकडे उतरवली.

काही टेंडरं मी आता बाजूला ठेवते. वैशिष्ट्यांच्या यादीत एखादं विचित्र नेमकं माप किंवा एकाच उत्पादनात असणारी सोय सक्तीची केलेली दिसली, की ते कुणासाठी लिहिलंय ते उघड असतं. आणि अनुदानातून निघालेलं काम असेल, तर मी शेवटची पानं बघते. पुढच्या वर्षांच्या देखभालीची ओळ नसेल, तर ती मागणी अनुदानासोबत संपणार असते.

मागणी ओसरतानाही हेच कागद बोलतात. अलीकडे छपाईच्या टेंडरांमध्ये एक नवं कलम दिसू लागलंय: 'छापील प्रतीसोबत सुगम्य पीडीएफ देणे मुद्रकावर बंधनकारक राहील.' वेगळा दर नाही, वेगळी ओळ नाही. जनसंपर्काच्या जाहिरातीतून ती जुनी ओळ गळाली आणि मांडणीकाराच्या जाहिरातीत 'टॅग केलेली पीडीएफ करता येणे आवश्यक' अशी आली. म्हणजे नवे अहवाल जन्मतःच सुगम्य निघणार, आणि आमच्याकडे उरणार ती जुनी कपाटं. ती उपसायला अजून काही वर्षं लागतील. साध्या पानांसाठी नवी माणसं घेणं मी थांबवलंय, आणि गेल्या चार महिन्यांपासून आम्ही मुद्रकांच्या मांडणीकारांना दुमजली तक्ते शिकवतोय.