हेडसेटमधलं दृश्य फोनवर आणि मध्ये अडकलेला एक सेकंद

काम वरवर सोपं होतं. एका कारखान्यात कामगारांना अग्निशामक सिलिंडर वापरण्याचं प्रशिक्षण आभासी वास्तवात द्यायचं होतं. कामगाराच्या डोक्यावर मेटा क्वेस्ट 3 आणि त्याला काय दिसतंय ते प्रशिक्षकाच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवर. कामगार पिन ओढतो, नळी रोखतो आणि आगीच्या मुळाशी मारा करतो. तो चुकला की प्रशिक्षक फोनवर बघून तिथल्या तिथे सांगतो. अशा प्रशिक्षणात फोनवरचं चित्र एक सेकंद मागे असेल तर सूचनाच उलटी पडते, आणि त्या सकाळी नेमकं तेच घडत होतं.

पण त्याआधी जोडणी. फोनमधल्या मेटा होरायझन ॲपला हेडसेट सापडतच नव्हता. ब्लूटूथ चालू होतं, लोकेशन मात्र बंद. अँड्रॉइडमध्ये आसपासची उपकरणं शोधायला ॲपला त्या परवानग्या लागतात. त्या नसल्या तरी ॲप नुसतं शोधत बसतं, त्यामुळे माणसाला हेडसेटच बिघडल्यासारखं वाटतं. शिवाय हेडसेट टेबलावर ठेवलेला होता, म्हणजे झोपलेला. परवानग्या दिल्या, एकाने हेडसेट डोक्यावर घातला, आत दिसणारा कोड फोनवर टाकला आणि जोडणी झाली. फोनवर आणि हेडसेटमध्ये एकच मेटा खातं असावं लागतं, म्हणून प्रशिक्षकांचं स्वतःचं खातं काढून प्रशिक्षणासाठी ठेवलेलं खातं घातलं.

फोनवर हेडसेटची बॅटरी दिसू लागली, पण हेडसेटमधलं चित्र फोनवर आणायला `Cast` दाबलं की चक्र फिरत राही आणि शेवटी जोडणी तुटे. इथे बरेच जण पुन्हा जोडणी करत बसतात. त्याचा उपयोग नसतो, कारण दोन कामं दोन वेगळ्या वाटांनी चालतात. ओळख पटवणं ब्लूटूथवर होतं. चित्र मात्र वाय-फायवरून जातं आणि त्यासाठी दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर असावी लागतात. आमची दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर होती, पण ते पाहुण्यांसाठीचं वाय-फाय होतं. अशा नेटवर्कवर सुरक्षेसाठी एका उपकरणाला शेजारचं उपकरण दिसू नये अशी सोय केलेली असते. राऊटरच्या सेटिंगमध्ये तिचं नाव `AP Isolation` किंवा `Client Isolation` असं असतं. इंटरनेट व्यवस्थित चालतं, पण फोन आणि हेडसेट एकमेकांशी बोलू शकत नाहीत. इंटरनेट चालतंय, बॅटरी दिसतेय आणि कास्टिंग तेवढं होत नाही, असं तिहेरी लक्षण दिसलं की पहिला संशय यावरच घ्यावा. कारखान्याची सुरक्षा सैल करायला सांगणं योग्य नव्हतं. आम्ही सोबत नेलेला सिमकार्डवर चालणारा छोटा राऊटर काढला.

चित्र आलं आणि खरी अडचण समोर आली. कामगाराची नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे होती. प्रशिक्षक म्हणाले, "दादा, खाली घ्या." तोवर त्याने स्वतःच खाली घेतली होती. सूचना ऐकून त्याने आणखी खाली नेली आणि मारा जमिनीवर गेला. "सर, मी खालीच मारत होतो की," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

उशीर नुसता जाणवून भागत नाही, मोजावा लागतो. आम्ही दुसरा फोन स्लो मोशनवर, सेकंदाला 240 फ्रेमच्या वेगाने लावला. चौकटीत कामगाराचा हात आणि प्रशिक्षकाचा फोन दोन्ही दिसतील असं धरलं आणि हात झटक्यात वर करायला सांगितलं. मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे नेत, खरा हात हलल्यापासून फोनवरचा हात हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. 264 भरल्या. 264 भागिले 240, म्हणजे 1.1 सेकंद.

त्याच वेळी कामगाराला एक प्रश्न विचारला: "हात हलवला की तुम्हाला आत लगेच हलताना दिसतो का?" तो म्हणाला, लगेच. हा प्रश्न कधीही गाळू नये, कारण उशीर दोन प्रकारचा असतो. आतलं चित्रच अडखळत असेल तर घालणाऱ्याला गरगरतं, आणि मग दोष हेडसेटवरच्या भारात शोधावा लागतो. कास्टिंग चालू असताना हेडसेटला दृश्य रंगवण्यासोबत त्याचा व्हिडिओ दाबून लहान करून पाठवायचंही काम असतं, त्यामुळे जड ॲपमध्ये हे होऊ शकतं. आमच्याकडे आतलं चित्र नितळ होतं, म्हणजे गोची वाटेतच होती.

राऊटरचं पान उघडलं. त्याच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही वाय-फाय पट्ट्यांना एकच नाव दिलेलं होतं, आणि फोन 2.4 गिगाहर्ट्झवर जाऊन बसला होता. या पट्टीवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. कारखान्याचे राऊटर, ब्लूटूथ, सगळ्यांची गर्दी तिथेच. डेटाची पाकिटं हरवतात, पुन्हा पाठवावी लागतात, आणि चित्र तुटू नये म्हणून फोन थोडा साठा करून मग दाखवतो. तो साठा म्हणजेच आपल्याला दिसणारा उशीर.

पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, दोन्ही उपकरणं 5 गिगाहर्ट्झवर नेली आणि जुनं नाव दोन्हींमधून विसरायला लावलं, नाहीतर ती परत तिकडेच जातात. चॅनेल आपोआपवर न ठेवता 36 निवडला. 52 ते 144 हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात. तिथे रडारचा संकेत मिळाला की राऊटरला चॅनेल सोडावाच लागतो आणि प्रशिक्षणाच्या मधोमध चित्र जातं. राऊटर कपाटामागून काढून त्याच खोलीत, छातीच्या उंचीवर ठेवला. 5 गिगाहर्ट्झ भिंतीतून फार जात नाही. फोनचा बॅटरी बचतीचा पर्यायही बंद केला. पुन्हा मोजलं: 78 फ्रेम, म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंद. बिनतारी कास्टिंगमध्ये शून्य उशीर मिळत नाही, पण एवढ्यावर बोलून सुधारणा करता येते.

दुपारी व्यवस्थापकांना तेच चित्र टीव्हीवर हवं होतं. कोणीतरी फोनचा पडदा बिनतारी टीव्हीवर टाकला आणि टीव्हीवरचा उशीर 192 फ्रेमवर, 0.8 सेकंदावर गेला. चित्र हेडसेटमध्ये एकदा दाबलं जातं, फोनवर उलगडतं, पुन्हा दाबलं जातं, टीव्हीवर उलगडतं, आणि तेही त्याच हवेतून दोनदा. दुसरी उडी तारेने करायची ठरवली. प्रशिक्षकांच्या फोनच्या यूएसबी-सीमधून व्हिडिओ बाहेर येत नव्हता. स्वस्त फोनमध्ये ही सोय बहुधा नसतेच, त्यामुळे अडॅप्टर विकत घेण्याआधी फोनची माहिती बघावी. आमच्यातल्या एका फोनमध्ये ती होती. तोच प्रशिक्षकांना दिला आणि एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडला.

शेवटची कटकट माणसं बदलताना होत होती. हेडसेट काढला की भिंगांच्या मधला संवेदक ते ओळखतो, हेडसेट झोपतो आणि फोनवरचं चित्र थांबतं. मग प्रत्येक कामगारामागे कास्टिंग नव्याने सुरू करा. आम्ही एक माणूस फक्त त्यासाठीच उभा केला. हेडसेट उतरवताना तो संवेदकावर अंगठा दाबून धरी आणि पुढच्याच्या डोक्यावर बसल्यावरच काढी, भिंगांना मात्र बोट लागू न देता. उरलेल्या कामगारांपर्यंत फोनवरचं चित्र एकदाही बंद पडलं नाही.