टोरांटोच्या हिवाळ्यात उडदाचे पापड

उन्हाळ्याचं वाळवण इथे जानेवारीत घातलं की गावाकडून पहिला प्रश्न येतो, "ऊन कुठाय तुमच्याकडे?" उडदाच्या पापडाला कडक ऊन लागतच नाही. त्याला कोरडी हवा लागते, आणि बाहेर बर्फ असताना हीटर चालू असलेल्या घरातली हवा चांगलीच कोरडी असते. इथे पापड न वाळण्याची भीती नसते, ते फार लवकर वाळतात हीच अडचण असते.

अर्धा किलो उडदाच्या पिठाला २० ग्रॅम मीठ, ८ ग्रॅम पापडखार, १० ग्रॅम भरड कुटलेली मिरी आणि चमचाभर हिंग घ्या. भारतीय दुकानातलं पीठ बरेचदा रवाळ असतं, त्यामुळे ते बारीक चाळणीनं चाळून मगच वजन करा. २२० मिली पाण्यात मीठ आणि पापडखार घालून एक उकळी काढा, पाणी पूर्ण गार करा आणि गाळा. खार चमच्यानं मोजू नका, काट्यावर तोला. तो जास्त झाला तर पापड तळताना लालसर होतो आणि चवीला साबणासारखा लागतो. कमी पडला तर फुलत नाही आणि दाताखाली कडक येतो.

हे पाणी थोडं थोडं घालत पीठ भिजवा. सगळं लागेलच असं नाही. गोळा इतका घट्ट हवा की सुरुवातीला त्याला चिरा दिसतील. तो झाकून दोन-तीन तास ठेवला की पाणी आतपर्यंत मुरतं. मग कुटायचं. उखळ नसली तर गोळा तेल लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वरवंट्यानं किंवा जड लाटण्यानं ठोका. पिशवीखाली घडी घातलेला टॉवेल घ्या, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. मधूनमधून गोळा ताणा आणि दुमडा. साधारण वीस मिनिटांत त्याचा पिवळसर रंग फिकट होतो आणि ताणल्यावर तो तटकन न तुटता लांबतो. इथे आळस केला तर लाटताना कडा फाटतात, आणि मग बरेच जण उगाच पाणी वाढवतात. त्यानं पापड पोळपाटाला चिकटतो, एवढंच होतं.

पिठाची गुंडाळी करून दोऱ्यानं ११ ग्रॅमच्या लाट्या कापा आणि डब्यात झाकून ठेवा. एवढ्या पिठाच्या पासष्टच्या आसपास होतात (घरात लाट्या तेलात बुडवून खाणारी माणसं असतील तर कमी). सुमारे पंधरा सेंटिमीटरचा गोल लाटा. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यातून बोटांची सावली दिसते. लाटायला तेलाचा हात पुरे. कोरडं पीठ लावलं तर ते तळताना कढईत जळतं.

आता वाळवणं. हीटरच्या झरोक्यापासून लांब, पलंगावर सुती चादर अंथरून पापड पसरा. झरोक्यासमोर किंवा ओव्हनच्या पंख्याखाली ठेवले तर कडा आधी सुकून आक्रसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि पापडाची वाटी होते. ती वाटी नंतर दाबून सपाट करायला गेलात तर पापड मोडतो. पहिली बाजू हाताला चिकटेनाशी झाली की उलटा. दुसरी बाजूही तशी झाली की पापड लवचीक असतानाच एकावर एक रचून सुती कापडात गुंडाळा आणि वर पाट ठेवून रात्रभर दाबून ठेवा. मधला ओलावा कडांकडे येतो आणि पापड सपाट राहतात. सकाळी पुन्हा पसरा.

कधी थांबायचं हे वजनावरून कळतं. लाटल्याबरोबर दहा पापड तोलून बाजूला ठेवा. ते ११० ग्रॅम असतील तर ८५ च्या आसपास आल्यावर वाळवणं पुरे. नव्वदीवरच थांबलात तर डब्यात बुरशी धरते. ऐंशीच्या खाली गेले तर ते हातात घेताच तुटतात. नीट वाळलेला पापड थोडा वाकतो, मग मोडतो.

डब्यात भरण्याआधी पापड खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कोमट पापडांची वाफ झाकणाखाली जमते आणि वरच्या पापडांवर ठिपके येतात. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी हिंगाचा खडा. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा दमट होते, तेव्हा मोठा डबा सारखा उघडू नका. महिन्याला लागतील तेवढे पापड छोट्या डब्यात काढून ठेवा. मऊ पडलेले पापड एसी चालू असलेल्या खोलीत तासभर पसरले की पुन्हा ठीक होतात. काळे-हिरवे ठिपके दिसले तर मात्र तेवढेच पापड निवडत बसू नका, सगळा डबा टाका.