'लवकरात लवकर' खोडलं आणि तारीख लिहिली

लातूरला आमची छोटी डाळमिल आहे, हिशेब मी पाहते. डाळ भरायचे कट्टे नांदेडच्या एका लघुउद्योजकाकडून येतात, त्यांना मी काकाच म्हणते. १० जानेवारी २०२५ ला आलेल्या मालाचं बिल १,८४,००० रुपयांचं होतं. लेखी ठरलेली मुदत ४५ दिवसांची, म्हणजे २४ फेब्रुवारी. लघुउद्योजकाला यापेक्षा जास्त मुदत कायद्यानेही लावता येत नाही. नेमकं तेव्हाच आमच्या डाळीच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं. काकांचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी "बघते काका" एवढंच म्हणाले. त्याची फार लाज वाटत होती. ३ मार्चला रात्री लिहायला बसले.

पहिला मजकूर असा झाला: "काही अपरिहार्य कारणास्तव आपले पेमेंट देण्यास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. लवकरात लवकर व्यवस्था करण्यात येईल."

काकांच्या जागी बसून वाचलं. त्यांना प्लास्टिकचा दाणा रोखीने घ्यावा लागतो, कामगारांचा पगार द्यावा लागतो. या दोन ओळींवर ते दाणेवाल्याला काय सांगणार? शिवाय 'विलंब झाला' म्हणजे जणू तो आपोआप झाला, कुणी केलाच नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी सगळी कहाणी लिहिली. गिऱ्हाइकाने किती वेळा तारीख पुढे ढकलली, तुरीचे भाव कसे पडले, आमचा माल कसा अडकला. वडिलांनी वाचून कागद परत दिला. "त्यांचं बिल आपल्यावर आहे, आपल्या गिऱ्हाइकावर नाही." मग कारणाची एकच ओळ ठेवली.

खरं अडलं ते तारखेपाशी. गिऱ्हाईक म्हणत होतं, १० मार्चला चेक देतो. पटकन १० किंवा ११ लिहावंसं वाटलं, पण आधी त्याचा खातेउतारा काढला. मागच्या चार बिलांना त्याने सांगितलेल्या तारखेनंतर ४, ९, ६ आणि ८ दिवसांनी पैसे दिले होते. सगळ्यांत वाईट धरलं तर १९ मार्च, आणि चेक वटायला पुढचे दोन दिवस. म्हणजे २१, शुक्रवार. त्यापुढचा शनिवार चौथा, बँक बंद. वडील म्हणाले, "३१ मार्च लिही, सुटसुटीत." पण ३० ला पाडवा आणि रविवार, ३१ ला वर्षअखेरीची धांदल. त्या गडबडीत पैसे एप्रिलमध्ये गेले असते तर मुदत उलटलेलं हे बिल आम्हाला प्राप्तिकरासाठी यंदाच्या खर्चात धरता आलं नसतं. आणि काकांना आणखी दहा दिवस ताटकळत ठेवायचं, तेही कशासाठी?

तरीही २१ तारीख गिऱ्हाइकाच्याच भरवशावर उभी होती. म्हणून सीसी खात्यात, म्हणजे बँकेने दिलेल्या कर्जाच्या मर्यादेत, तेवढी जागा राहते का पाहिलं. त्या आठवड्यातली तुरीची खरेदी थोडी कमी केली तर राहत होती. गिऱ्हाईक फिरलं तरी पैसे देता येतील अशी खात्री झाली, तेव्हाच तारीख लिहिली. हातात होते ते ६०,००० दुसऱ्या दिवशी सकाळी एनईएफटीने पाठवले आणि यूटीआर नंबर मजकुरात घातला, म्हणजे काकांना बँकेत ताडून बघता येईल.

शेवटी गेलेला मजकूर असा:

"काका, नमस्कार. १० जानेवारीच्या बिलाचे १,८४,००० रुपये आम्ही २४ फेब्रुवारीला द्यायला हवे होते. दिले नाहीत, आणि तुमचे दोन फोन येऊनही मी नीट सांगितलं नाही. माफ करा. आमची एक मोठी वसुली थांबली, त्यामुळे हे झालं. आज ६०,००० पाठवले आहेत, यूटीआर खाली दिला आहे. उरलेले १,२४,००० शुक्रवार, २१ मार्चला दुपारी बारापर्यंत तुमच्या खात्यात येतील. ही तारीख आमच्या वसुलीवर अवलंबून नाही. तोवर नवीन ऑर्डर देणार नाही."

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडले होते. आधी तिथे 'असाच लोभ असावा' होतं. पैसे थकवलेल्या माणसाने लोभ मागणं मला पटेना, म्हणून ते काढलं.

पाठवण्याआधी फोन केला. असं काही नुसतं लिहून कळवलं की तोंड चुकवल्यासारखं दिसतं. काका थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "ताई, हे पहिल्याच फोनला सांगितलं असतं तर मी दाणेवाल्याला तारीख दिली असती ना." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "हो काका, चुकलं," म्हणाले.

गिऱ्हाइकाचा चेक २० ला संध्याकाळी आला, म्हणजे २१ ला दुपारच्या आत वटणं शक्यच नव्हतं. सकाळी सव्वाअकराला सीसीतून १,२४,००० पाठवले आणि यूटीआर कळवला.

तासाभराने काकांचा मेसेज आला: "पोचले. पुढचे कट्टे ३० किलोचेच का ५० चे?"