डिटेल्स पाठवा, मग बघू

मंगळवार, रात्री

आज फोनवर परत तेच. आमचं काम घरांच्या छतावर सोलार बसवायचं, त्यामुळे दिवसाचे निम्मे फोन याच वाक्याने संपतात, म्हणजे समोरच्याला संपवायचे असतात. "हो हो, मला फक्त डिटेल्स पाठवून द्या व्हॉट्सॲपवर, मी बघतो." आपण नाव सांगून झालेलं असतं आणि अजून कामाचं काहीच बोलणं झालेलं नसतं.

ऑफिसातला नवा पोरगा अशा वेळी लगेच ब्रोशर टाकतो, बारा पानांचं पीडीएफ, त्यात पॅनेलचे फोटो, कंपनीची ओळख, वॉरंटी, सगळं. मग तीन दिवसांनी "सर पाहिलं का?" आणि तिकडून निळी टिक, पुढे काही नाही. दुसऱ्या टोकाला काहीजण अडूनच बसतात, की "सर डिटेल्स असे पाठवता येत नाहीत, आधी व्हिजिट द्यावी लागेल." हे मला त्याहून वाईट वाटतं, माणसाने साधी गोष्ट मागितलीय आणि आपण नाही म्हणतोय, मग तो दुसऱ्याला फोन करणारच ना.

माझं म्हणणं, आधी हो म्हणायचं आणि खरंच पाठवायचं, पण त्याआधी एकच असा प्रश्न विचारायचा ज्याच्याशिवाय डिटेल्सना अर्थच नाही. आमच्या धंद्यात तो प्रश्न म्हणजे लाईट बिल.

सकाळी गंगापूर रोडवरून एक काका होते, रो हाऊस, रिटायर्ड, आवाजावरून घाईत. म्हणाले, "अहो तुम्ही जास्त बोलू नका, किती किलोवॅटला किती पैसे ते पाठवा फक्त." मी म्हटलं, "पाठवतो काका, दहा मिनिटांत पाठवतो. फक्त तुमच्या लाईट बिलाचा फोटो टाका मला, म्हणजे तुमच्या घराचाच आकडा देतो, नाहीतर मी तीनचा रेट देईन आणि तुम्हाला लागतील दोन." क्षणभर गप्प, मग म्हणाले, "बरं, टाकतो." आणि टाकला.

इथेच निम्मं कळतं. ज्याला फोन नुसता कटवायचा असतो तो बिल टाकत नाही, "बघतो नंतर" म्हणतो, मग त्याला मी अंदाजे रेंज आणि सबसिडीचा आकडा अशा दोन ओळी पाठवतो आणि एकदाच विचारतो, मागे लागत नाही. ज्याला खरंच हवंय त्याला बिलाचा फोटो काढायला मिनिटभर लागतं. तिसरा प्रकार म्हणजे तीन ठिकाणांहून कोटेशन जमवणारा, तो बिलही टाकतो आणि वर विचारतो "तुमचा फायनल किती?", त्यालाही माझ्याकडे वेगळं उत्तर असतं, ते पुढे सांगतो.

काकांच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर होता, तो मी नीट बघितला. मे महिन्यात ४३० युनिट, एसीमुळे असणार, डिसेंबरात २०० च्या आसपास, सरासरी २९० धरली तर वर्षाला साधारण ३,५०० युनिट. नाशिकच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलला जास्त. म्हणजे तीन किलोवॅट वर्षाला ४,३०० च्या आसपास. काकांना पुरून वर थोडं उरतं, पुढे दुसरा एसी आला तरी चालेल. पण त्यांना कोणीतरी पाच किलोवॅट सांगून ठेवलेलं होतं. पाच किलोवॅट म्हणजे ७,३०० युनिट, गरजेच्या दुप्पट, आणि उरलेली वीज महावितरण वर्षअखेरीला घेते ती अगदी कमी दराने. त्यातही मजेची गोष्ट अशी की पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सबसिडी तीन किलोवॅटला ७८,००० वर थांबते, पाचलाही तेवढीच. मी नुसती रेटलिस्ट पाठवली असती तर हे काकांना कुठून कळलं असतं?

आणि ते कोटेशन जमवणाऱ्यांचं. सबसिडी हवी असेल तर पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे सेलपासून सगळं भारतात बनलेलं, ते महाग पडतात. आता समजा मी डीसीआरचा आकडा पाठवला आणि दुसऱ्याने बाहेरच्या सेलच्या पॅनेलचा, तर आकडे शेजारी ठेवल्यावर मी लुटारू दिसतो. त्यामुळे रेट पाठवायचाच, लपवायचा नाही, लपवलं की लोक ताडतात, पण आकड्याच्या खालच्या ओळीत लिहायचं की हा डीसीआरचा आहे, यात पॅनेल बसवायचं स्ट्रक्चर आणि महावितरणला दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचं काम धरलंय, आणि समोरच्याकडून हेच विचारून घ्या.

काकांना मी शेवटी पाठवलं ते एवढंच:

"काका, तुमचा वर्षाचा वापर ३,५०० च्या आसपास आहे, त्याला ३ किलोवॅट पुरेल, ५ ची गरज वाटत नाही. खर्च साधारण दोन लाखांच्या आत-बाहेर, त्यातून ७८,००० सबसिडी नंतर तुमच्या खात्यात परत. डीसीआर पॅनेल, नेट मीटरसकट. छतावर साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागेल, टाकीची सावली कुठे पडते ते बघावं लागेल. बिल शून्य होणार नाही, स्थिर आकार राहतोच."

बिल शून्य होणार नाही हे मी मुद्दाम टाकतो. बाजारात सगळे शून्य म्हणून विकतात आणि मग पहिलं बिल आलं की भांडण.

ब्रोशर पाठवलंच नाही. वर एक प्रश्न मात्र टाकला, "हे घरात अजून कोणाला दाखवायचंय का?" कारण बरेचदा "डिटेल्स पाठवा" म्हणणारा स्वतः ठरवणारा नसतोच, त्याला पुढे फॉरवर्ड करायचं असतं, आणि बारा पानांचं पीडीएफ फॉरवर्ड झालं की वाचतो कोण! काका म्हणाले, मुलगा पुण्याला आहे, पैसे तोच देणार. म्हटलं, मग गुरुवारी संध्याकाळी सातला तुमच्या दोघांशी कॉल करू, मेसेज त्यालाही टाका. "नंतर बोलू" यापेक्षा वार आणि वेळ ठरली की बोलणं होतं, नाही ठरली तर सोलारचा विषय पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरतात लोक.

फोटो परत बघताना एक गोष्ट सापडली, बिलावर नाव काकांच्या वडिलांचं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे, कोणी बदललंच नाही. सबसिडी बिलावरच्या नावाच्या ग्राहकाला मिळते, खातंही त्याच नावाचं लागतं, म्हणजे आधी महावितरणात नावबदल, मग योजनेच्या पोर्टलवर अर्ज. ते लगेच कळवलं. काका म्हणाले, "हे बाकी दोघांनी सांगितलंच नाही." बाकी दोघं होते, हे तेव्हा समजलं! गुरुवारच्या कॉलआधी कुठले कागद गोळा करायचे त्याची यादी आता टाकून देतो आणि झोपतो.