हळदी साडी, पांढरे केस आणि हिरवी कड

आत्याच्या ओव्यांची क्लिप संपली असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं. ती संपली नव्हती. हिरव्या पडद्यापुढे चित्रित करून मागे नदीचा घाट लावलेली क्लिप रेंडर करून आत्याला दाखवली, तर दहा सेकंदांत ती म्हणाली, "अरे, ही माझी साडी नव्हे. माझी हळदी आहे, ही शेंदरी दिसतेय."

खरंच शेंदरी होती. आठवडाभर केसांच्या हिरव्या कडेकडे बघत बसलो आणि साडी कधी बदलली ते दिसलंच नाही.

कड आली कुठून, ते आधी. कॅमेरा ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे चार पिक्सेलांना मिळून रंगाचा एकच नमुना. १९२०×१०८० च्या क्लिपमध्ये रंग प्रत्यक्षात ९६०×५४० चाच असतो. बारीक पांढऱ्या केसाला शेजारच्या पडद्याचा हिरवा चिकटतो तो इथे. मी आधी सगळे करतात तेच केलं: हिरवा पारदर्शक करणारी 'की' घट्ट केली, काय राहणार आणि काय जाणार हे ठरवणारी मॅट एक पिक्सेल आत ओढली. कड गेली, पण सुटे केसही गेले आणि डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसू लागलं. मग मॅट पुन्हा सैल सोडली, अर्धपारदर्शक केस राहू दिले आणि पडद्याचा सांडलेला हिरवा, म्हणजे स्पिल, काढायचं काम डिस्पिल फिल्टरवर टाकलं. कडेचा हिरवा हा रंगाचा प्रश्न आहे, तो मॅट कापून सोडवू नये, हे माझं आता ठाम मत आहे. FFmpeg ची फिल्टर ओळ ही:

```
scale=1920:1080,format=yuva444p,chromakey=0x3FA34D:0.11:0.07,despill=type=green:mix=0.5
```

क्लिप ४के मध्ये होती हे नशीब. १०८० ला उतरवून मग की केली की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. नुसत्या या बदलाने कड जवळपास निम्मी झाली. रंगाचा आकडा माझ्या कापडाचा आहे. तुमचा तुमच्या फ्रेममधून, चेहऱ्याच्या आसपासच्या पडद्यावरून उचला.

आता साडी. `mix=0.5` म्हणजे हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असू द्यायचा नाही. केसाच्या कडेचा एक पिक्सेल मोजला: लाल १५०, हिरवा १९०, निळा १३०. सरासरी १४०, हिरवा तिथवर उतरला, केस राखाडी झाला. उत्तम. साडीचा पिक्सेल: लाल २२५, हिरवा १८०, निळा ५०. सरासरी जेमतेम १३७. डिस्पिलच्या हिशेबात पिवळ्यातला हिरवासुद्धा स्पिलच, म्हणून त्याने तो छाटला आणि हळदीचा शेंदरी झाला. चेहऱ्याला काहीच झालं नाही, कारण त्वचेत हिरवा सहसा त्या सरासरीखालीच असतो. फसलो तो इथेच, मी फक्त चेहरा तपासत होतो.

`mix=1` दिलं की मर्यादा लालची होते. साडीचा १८० हा २२५ च्या खालीच, तेव्हा साडी शाबूत राहते. पण केसाचा तोच पिक्सेल १५०-१५०-१३० होतो, आणि पांढऱ्या केसांना शेवाळी पिवळट झाक येते. एका आकड्यात दोन्ही बसत नाहीत.

म्हणून दोन रेंडर काढले, केसांसाठी ०.५ आणि साडीसाठी १, आणि एडिटरमध्ये एकावर एक ठेवून गळ्यापाशी मऊ कडेचा मास्क दिला. आत्या बसून गाते, मान फारशी हलत नाही, त्यामुळे मास्क जागचा हलवावा लागला नाही. उभं राहून हातवारे करणाऱ्या माणसावर हे चालणार नाही; तिथे मास्क फ्रेमगणिक सरकवावा लागेल.

आज पहाटे पहिल्यांदा साडी हळदी आणि कानाजवळची बट मोकळी, असं दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसलं. ती फ्रेम मी बराच वेळ थांबवून ठेवली होती.

हनुवटीखालचा हिरवा मात्र अजून थोडा आहे. तो मागच्या पडद्याचा नाही, मांडीखाली पसरलेल्या कापडाचा आहे. उजेड खालून उसळतो. शिवाय 'क्रोमा' म्हणून विकत घेतलेलं ते पॉलिस्टर चमकतं. कापडबाजारातलं साधं, बिनचमकीचं सुती कापड त्याहून कितीतरी बरं. पुढच्या वेळी पाय फ्रेमबाहेर ठेवून खाली घोंगडी अंथरणार आणि पडदा एक मीटरऐवजी दोन मीटर मागे नेणार, असं ठरवलं होतं.

पण हे लिहिताना वाटतंय, हळदी साडीला निळा पडदाच का नको? पिवळ्यात निळा जवळपास नसतोच, मग निळ्याचा डिस्पिल साडीला हात लावणार नाही आणि दुसरा रेंडरही लागणार नाही. निळ्या चॅनलमध्ये नॉइज जास्त येतो, तेव्हा उजेड वाढवावा लागेल. आत्याचा हिरवा चुडाही त्यात आपोआप वाचेल. सध्या तो वेगळ्या मास्कने राखतोय. रविवारी तीन मीटर निळं सुती आणतो.