सव्वाचा घातांक

आयोडीन क्लॉकचं प्रॅक्टिकल मी बरीच वर्षं घेतेय. परसल्फेट आयोडाइडपासून आयोडीन तयार करतं, थायोसल्फेट ते लगेच संपवतं आणि थायोसल्फेटच संपलं की स्टार्चमुळे द्रावण एका क्षणात गडद निळं होतं. थायोसल्फेट मुद्दाम इतकं थोडं घेतो की तोवर परसल्फेट जेमतेम अडीच टक्के खर्च होतं. म्हणूनच त्या वेगाला सुरुवातीचा वेग म्हणता येतं.

त्या दिवशी पहिल्या मिश्रणात परसल्फेट ०.०४, आयोडाइड ०.०८ आणि थायोसल्फेट ०.००२ मोलर होतं. ७८ सेकंदांत निळं झालं. ऑर्डर, म्हणजे दर नियमातला सांद्रतेचा घातांक, एक असेल तर परसल्फेट निम्मं केल्यावर १५६ सेकंद लागायला हवेत, लागले १८५. एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. "मॅडम, वेग २.३७ पट कमी झाला. log २.३७ भागिले log २ म्हणजे १.२५. मग मी ऑर्डर एक कशी लिहू?"

शेजारचे सर म्हणाले, "प्रायोगिक चूक आहे, पूर्णांक लिही." हे वाक्य मला आवडत नाही. वेळ मोजण्यातली चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. मी सगळ्या टेबलांच्या वह्या पाहिल्या. परसल्फेटची ऑर्डर सगळीकडे १.२ च्या वर, आयोडाइडची १.१५ च्या आसपास. एकाही टेबलावर एकपेक्षा कमी नाही. तापमान तर सगळ्यांचं एकाच वॉटर बाथचं.

दोष आमच्या कृतिपत्रिकेत होता. 'कमी केलेल्या द्रावणाच्या जागी पाणी घाला,' असं तिच्यात छापलंय. परसल्फेट आणि आयोडाइड दोन्ही ऋणभारित, एकमेकांना दूर ढकलणारे. भोवतालचे आयन ते ढकलणं सौम्य करतात. पाणी घातलं की हे आयनही विरळ होतात आणि वेग स्थिरांक k स्वतःच घटतो. परसल्फेटवर दोन भार असल्यानं आयनिक तीव्रतेत, म्हणजे आयनांची सांद्रता आणि भार मिळून होणाऱ्या मापात, त्याचा वाटा मोठा, म्हणून तिथली चूकही मोठी.

मग पाण्याऐवजी आयोडाइडच्या जागी तितक्याच मोलर पोटॅशियम नायट्रेटचं आणि अमोनियम परसल्फेटच्या जागी अमोनियम सल्फेटचं द्रावण घालून त्या विद्यार्थिनीला पुन्हा करायला लावलं. परसल्फेट निम्मं: १५७ सेकंद. आयोडाइड निम्मं: १५५. समीकरणात आयोडाइडपुढे दोन असले तरी दर नियमात घातांक एकच:

rate = k[S₂O₈²⁻][I⁻]

दोन थायोसल्फेटमागे एक परसल्फेट, म्हणून वेग ०.००१ भागिले ७८, आणि k साधारण ०.००४ लिटर प्रति मोल प्रति सेकंद. तिनं त्याच्यापुढे आपणहून लिहिलं, 'याच आयनिक तीव्रतेला.'

आधीच्या बॅचच्या वह्या कपाटात आहेत. त्यांतल्या कितीतरी १.२५ खोडून मीच १ केलेत, लाल शाईनं.